कृदन्ताला क्रियापद समजण्याची चूक: ती का होते आणि कशी पकडायची

नववी-दहावीच्या उत्तरपत्रिकांत एक चूक दरवर्षी त्याच जागी सापडते. प्रश्न असतो, 'वाक्यातील क्रियापद अधोरेखित करा.' वाक्य असते:

डोंगरातून वाहणारे पाणी गावकऱ्यांनी बांध घालून अडवले.

बरीच मुले 'वाहणारे', 'घालून' आणि 'अडवले' या तिन्ही शब्दांखाली रेघ ओढतात. काही जण पहिल्याच क्रियावाचक शब्दापाशी थांबतात आणि फक्त 'वाहणारे' निवडतात. बरोबर उत्तर एकच आहे, 'अडवले'. उरलेले दोन शब्द कृदन्ते, म्हणजेच धातुसाधिते आहेत.

ही चूक एका गुणापुरती राहिली असती तर तिच्यावर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. पण क्रियापद चुकले की कर्ता चुकतो, कर्ता चुकला की प्रयोग चुकतो आणि केवल, मिश्र व संयुक्त वाक्यांचा अख्खा प्रश्न कोसळतो. मूळ दुखणे बहुतेक वेळा कृदन्त न ओळखण्यात असते. म्हणून इथे कृदन्तांची प्रत्ययवार यादी देत नाही. ती तुमच्या पुस्तकात आहे आणि ती पाठ करूनही ही चूक होतेच. चूक नेमकी कुठून येते आणि परीक्षेच्या बाकावर बसून ती कशी तपासायची, एवढेच सांगतो.

मूळ कारण: पाचवीत शिकलेली व्याख्या

'क्रिया दाखवणारा शब्द म्हणजे क्रियापद' ही व्याख्या लहान वर्गांत ऐकलेली असते आणि ती डोक्यातून जात नाही. ती अर्धीच खरी आहे. 'वाहणारे' या शब्दातही वाहण्याची क्रिया आहे, 'घालून'मध्येही घालण्याची क्रिया आहे. क्रिया तर 'ओरडणे', 'जेवण', 'मिरवणूक' या शब्दांतही आहे. केवळ क्रिया दिसली म्हणून शब्द क्रियापद होत नाही. क्रियापद होण्यासाठी त्याने वाक्य पूर्ण केले पाहिजे. व्याख्येचा हा दुसरा भाग वरच्या वर्गात शिकवला जातो, पण पहिला भाग इतका घट्ट बसलेला असतो की दुसऱ्याला जागा मिळत नाही.

धातू म्हणजे क्रियेचा मूळ शब्द: वाह, घाल, अडव. त्याला काळाचे किंवा अर्थाचे प्रत्यय लागून वाक्य पूर्ण करणारे रूप झाले, तर ते क्रियापद. त्याच धातूला 'णारा', 'लेला', 'णे', 'ऊन', 'ता', 'ताना', 'त', 'ऊ' असे प्रत्यय लागून वाक्यात नामाचे, विशेषणाचे किंवा अव्ययाचे काम करणारा शब्द झाला, तर ते कृदन्त. या प्रत्ययांना कृत् प्रत्यय म्हणतात.

पहिली तपासणी: तिथेच थांबून पाहा

वाक्य सुरुवातीपासून वाचा आणि शंका असलेल्या शब्दावर पूर्णविराम द्या. ऐकणारा समाधानाने गप्प बसला तर तो शब्द क्रियापद. त्याने 'बरं, पुढे?' असे विचारले तर कृदन्त.

'डोंगरातून वाहणारे.' पुढे काय? 'डोंगरातून वाहणारे पाणी गावकऱ्यांनी बांध घालून.' घालून काय केले? 'गावकऱ्यांनी बांध घालून अडवले.' आता विचारण्यासारखे काही उरले नाही.

ही तपासणी मनातल्या मनात करू नका, शब्द ओठांवर आणा. मराठी तुमच्या कानाला कळते. डोळ्यांना फक्त प्रत्यय दिसतात आणि प्रत्यय फसवतात. 'येऊ' हे रूप घ्या. 'सर, आत येऊ?' इथे 'येऊ'पाशी वाक्य संपले, म्हणून ते क्रियापद आहे. 'पाहुणे येऊ लागले' इथे 'पाहुणे येऊ' एवढ्यावर थांबता येत नाही, म्हणून तेच रूप इथे कृदन्त आहे. शब्द एकटा समोर ठेवून 'हे कृदन्त की क्रियापद?' असे विचारले, तर बरेचदा उत्तरच देता येत नाही. उत्तर वाक्यात असते.

या तपासणीत एक अडचण येते ती वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत. 'पुलाचे काम रखडलेलेच' असा मथळा वाचून वाक्य पूर्ण झाल्यासारखे वाटते. तिथे 'आहे' गाळलेले असते. 'रखडलेले' हे कृदन्तच आहे, क्रियापद अध्याहृत आहे.

दुसरी तपासणी: नकार लावून पाहा

ही तपासणी मला सर्वांत भरवशाची वाटते, आणि ती फारशी शिकवली जात नाही याचे वाईट वाटते. मराठीत क्रियापदाचा नकार 'नाही', 'नये', 'नको' यांनी होतो. कृदन्ताचा नकार त्याच्या आधी 'न' लावून होतो.

'तो येतो' याचा नकार 'तो येत नाही'. पण 'येणारा मुलगा' याचा नकार 'न येणारा मुलगा'. 'त्याने बोलावे' याचा नकार 'त्याने बोलू नये'. पण 'त्याचे बोलणे' याचा नकार 'त्याचे न बोलणे'. 'गृहपाठ केला' याचा नकार 'गृहपाठ केला नाही', तर 'केलेला गृहपाठ' याचा 'न केलेला गृहपाठ'.

'णार' आणि 'णारा' या जोडीत तर ही तपासणी लगेच निकाल देते. 'मी उद्या येणार' याचा नकार 'मी उद्या येणार नाही', म्हणजे इथे 'येणार' क्रियापदाचे काम करत आहे. 'उद्या येणारा पाहुणा' याचा नकार 'उद्या न येणारा पाहुणा', म्हणजे 'येणारा' हे कृदन्त. एका कान्याचा फरक, पण वाक्यातले काम पूर्ण वेगळे.

'ऊन' लागलेल्या रूपाला नकार लावताना एक गंमत दिसते. 'तो सांगून गेला' याच्या उलट 'तो न सांगून गेला' असे आपण म्हणत नाही. 'तो न सांगता गेला' असे म्हणतो. 'हसत आला' याच्या उलटही 'न हसता आला'. प्रत्यय बदलला तरी शब्दाच्या आधी 'न'च आला, 'नाही' आला नाही. एवढ्यावरून हे क्रियापद नाही हे ठरते.

तिसरी अडचण: कृदन्ताला स्वतःचा कर्ता असतो

आता जरा खोलात जाऊ, कारण हुशार मुलेही इथेच अडकतात. हे वाक्य पाहा:

मी ग्रंथालयातून आणलेले पुस्तक हरवले.

कर्ता कोण, असे विचारले की उत्तर येते 'मी'. कारण सरळ आहे. 'मी' वाक्याच्या सुरुवातीला आहे आणि पुस्तक आणणाराही मीच आहे. पण हरवले कोण? पुस्तक. क्रियापद 'हरवले', म्हणून कर्ता 'पुस्तक'. 'पुस्तके' केले की 'हरवली' होते, म्हणजे क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलते आणि हा कर्तरी प्रयोग आहे. 'मी' हा कर्ता आहे खरा, पण 'आणलेले' या कृदन्तात दडलेल्या क्रियेचा.

कृदन्ताचे हे दुहेरी वागणे नीट समजून घ्या. मागच्या बाजूने पाहिले तर ते अजून क्रियाच असते. त्याला स्वतःचा कर्ता असतो (मी), कर्म असते, 'कुठून', 'कसे', 'केव्हा' सांगणारे शब्द असतात (ग्रंथालयातून). पुढच्या बाजूने पाहिले तर मात्र ते नाम, विशेषण किंवा अव्यय असते. इथे 'आणलेले' हे पुस्तकाचे विशेषण झाले आहे. 'मी ग्रंथालयातून आणलेले' हा सगळा गट मिळून 'कोणते पुस्तक?' याचे उत्तर देतो.

म्हणून वाक्य सोडवताना क्रम पाळा. आधी वाक्याचे क्रियापद शोधा. मग त्या क्रियापदाच्या धातूला 'णारा' लावून 'कोण?' असे विचारा: हरवणारे कोण? मग उरलेल्या वाक्यात कृदन्ते शोधा आणि प्रत्येकाच्या मागचे त्याचे-त्याचे शब्द त्याच्याकडे जाऊ द्या. बहुतेक मुले वाक्य डावीकडून उजवीकडे सोडवत जातात. मराठीत क्रियापद साधारणपणे शेवटी येते, त्यामुळे उजवीकडून सुरुवात केली तर निम्मा गोंधळ होतच नाही.

चौथी अडचण: दोन क्रियावाचक शब्द शेजारी-शेजारी

'मिरच्या भिजून गेल्या' आणि 'आम्ही खेळ सोडून गेलो'. दोन्हींत 'ऊन' आहे, दोन्हींत 'जाणे'चे रूप आहे. पहिल्या वाक्यात क्रियापद 'भिजून गेल्या' असे दोन शब्दांचे आहे, म्हणजे संयुक्त क्रियापद. दुसऱ्यात फक्त 'गेलो' हे क्रियापद आहे आणि 'सोडून' हे वेगळे कृदन्त अव्यय आहे.

हे ठरवायचे कसे? कृदन्ताचे क्रियापद करून मध्ये 'आणि' घाला. 'आम्ही खेळ सोडला आणि गेलो' हे वाक्य नीट चालते. सोडणे ही एक क्रिया झाली, जाणे ही दुसरी. पाय खरोखर उचलले गेले. 'मिरच्या भिजल्या आणि गेल्या' असे म्हटले तर मिरच्या कुठे गेल्या, असा प्रश्न पडेल. त्या कुठेच गेल्या नाहीत. 'गेल्या' या शब्दाने स्वतःचा जाण्याचा अर्थ सोडला आहे आणि भिजण्याची क्रिया पुरती झाली, एवढेच तो सांगतो आहे. अर्थ सोडलेल्या अशा क्रियापदाला सहायक क्रियापद म्हणतात. मुख्य अर्थ कृदन्ताकडे, वाक्य पूर्ण करण्याचे काम सहायकाकडे. म्हणून दोन्ही मिळून उत्तरात लिहायचे.

'करू लागली', 'वाचू शकतो', 'जाऊ दे', 'लिहून टाक', 'बोलून बसला' ही सगळी याच घरातली. 'बोलून बसला' वर तपासणी करून पाहा. बोलणारा उभा असला तरी आपण 'नको ते बोलून बसला' म्हणतो. बसण्याचा अर्थ उरलेलाच नाही.

'मुले खेळत आहेत' यासारख्या वाक्याबद्दल मुले हटकून विचारतात. काही शिक्षक 'खेळत आहेत' याला संयुक्त क्रियापद म्हणतात, काही ते फक्त अपूर्ण वर्तमानकाळाचे रूप मानतात. तुमच्या वर्गात जे शिकवले असेल ते नाव वापरा. क्रियापद अधोरेखित करताना मात्र दोन्ही मतांनी उत्तर एकच येते: 'खेळत आहेत' हे सगळे. एकट्या 'खेळत'खाली किंवा एकट्या 'आहेत'खाली रेघ ओढू नका.

कृदन्त सापडले, आता प्रकार

प्रकार तीनच: धातुसाधित नाम, धातुसाधित विशेषण, धातुसाधित अव्यय. इथेही प्रत्ययावर भिस्त ठेवू नका. शब्दाला हलवून पाहा.

त्याला विभक्तीचा प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लावता आले तर ते नाम. 'ओरडणे'चे 'ओरडण्याने', 'ओरडण्यामुळे' होते. पुढच्या नामाचे लिंग बदलल्यावर त्याचे रूप बदलले तर ते विशेषण. 'धावता घोडा', 'धावती गाडी', 'धावते जग'. काहीही केले तरी ते जसेच्या तसे राहिले तर ते अव्यय. 'मुलगा धावत आला', 'मुलगी धावत आली', 'वासरू धावत आले'.

विशेषणाच्या प्रकारातली रूपे कधी-कधी नामाच्या जागी जाऊन बसतात. 'शिकलेल्यांना काम मिळेना' किंवा 'झालेले विसरून जा' या वाक्यांत 'शिकलेल्यांना' आणि 'झालेले' यांच्यापुढे नाम नाही. 'शिकलेल्यांना' याला तर विभक्तीचा प्रत्ययही लागला आहे. तिथे त्यांना धातुसाधित नाम म्हणा. शब्द जे काम करतो ते त्याचे नाव.

धातू कोणता, हा प्रश्न

'पुढील कृदन्तांचे मूळ धातू लिहा' या प्रश्नात 'करणे' असे उत्तर लिहिले की गुण जातो. शब्दकोशात क्रिया 'णे' लावून दिलेल्या असतात, त्यामुळे 'करणे' हाच धातू आहे असे वाटते. 'करणे' हे स्वतःच कृदन्त आहे. 'णे' काढल्यावर उरते ते 'कर', तो धातू.

साध्या शब्दांत हे सोपे जाते. त्रास देतात ती वेडीवाकडी रूपे: गेलेला, आलेला, झालेला, मेलेला, केलेला, घातलेला, म्हटलेले. इथे प्रत्यय काढून काही हाती लागत नाही. 'गेलेला'मधून 'लेला' काढले तर 'गे' उरते, आणि असा धातू मराठीत नाही. त्यासाठी शब्द वर्तमानकाळात न्या. 'गेलेला मुलगा' म्हणजे जो जातो तो, म्हणून धातू 'जा'. 'आलेला' म्हणजे येणारा, म्हणून 'ये'. याच रीतीने 'झालेला'चा 'हो', 'मेलेला'चा 'मर', 'घातलेला'चा 'घाल' आणि 'म्हटलेले'चा 'म्हण'.

संस्कृतातून तयार आलेली कर्तव्य, गत, मृत, पाठक यांसारखी रूपेही कृदन्तेच आहेत, पण त्यांचे धातू संस्कृतातले आहेत. त्यांत मराठी धातू आणि मराठी प्रत्यय शोधत बसू नका.

एक उतारा पूर्ण सोडवून पाहू

आता वरच्या सगळ्या तपासण्या एकत्र वापरू.

गेल्या वर्षी वाळत घातलेल्या मिरच्या अवकाळी पावसात भिजून गेल्या. म्हणून यंदा ढग येताना दिसताच आजी अंगणात धावली आणि पसरलेले वाळवण गोळा करू लागली. तिचे ओरडणे ऐकून आम्हीही खेळ सोडून मदतीला गेलो.

प्रत्येक वाक्य उजवीकडून धरा. पहिल्याच्या शेवटी 'भिजून गेल्या'. 'आणि'ची तपासणी आपण केलीच आहे, हे संयुक्त क्रियापद. दुसऱ्यात 'आणि'ने जोडलेले दोन भाग आहेत. त्यांची क्रियापदे 'धावली' आणि 'करू लागली'. तिसऱ्यात 'गेलो'. म्हणजे एवढ्या मोठ्या उताऱ्यात क्रियापदे चारच.

पहिले वाक्य मुद्दाम तसे लिहिले आहे. त्यात 'गेल्या' दोनदा आले आहे. शेवटचे 'गेल्या' क्रियापदाचा भाग आहे. पहिले 'गेल्या' मात्र 'कोणत्या वर्षी?' याचे उत्तर देते. 'गेला महिना', 'गेली दहा वर्षे', 'गेले काही दिवस' असे ते नामाप्रमाणे बदलते, म्हणून धातुसाधित विशेषण, धातू 'जा'. 'लेला' न लावता नुसत्या 'ला'ने झालेली अशी विशेषणे मराठीत आता थोडी उरली आहेत. 'आल्या पावली परत फिरला' यातले 'आल्या' हे त्यांपैकीच.

'वाळत' बदलत नाही. मिरची, मिरच्या, धान्य, काहीही घाला, 'वाळत' तसेच राहते. ते 'घातलेल्या' या क्रियेला चिकटले आहे. धातुसाधित अव्यय, धातू 'वाळ'. 'घातलेल्या' मिरच्यांबद्दल सांगते आणि 'घातलेली मिरची', 'घातलेले गहू' असे बदलते. धातुसाधित विशेषण, धातू 'घाल'.

'येताना' आणि 'दिसताच' दोन्ही अव्यये. इथे तिसरी अडचण आठवा. 'दिसताच'चा कर्ता 'ढग' आहे आणि 'धावली'चा कर्ता 'आजी'. ढगाला वाक्याचा कर्ता केले तर ढग अंगणात धावल्यासारखे होईल.

'पसरलेले' हे विशेषण. त्याच्या पुढचे 'वाळवण' हे नाम बहुतेक जण सोडून देतात, कारण ते रोजच्या बोलण्यातले नाव वाटते. ते 'वाळव' या धातूला 'ण' लागून झालेले धातुसाधित नाम आहे. जेवण, दळण, शिंपण ही त्याचीच भावंडे.

'ओरडणे' नाम आहे. 'तिचे' हा शब्द त्याच्या मागे आला आहे, 'ती' नाही. क्रियेचे नाम झाले की तिचा कर्ता असा षष्ठीत जाऊ शकतो, हीही नाम ओळखण्याची एक खूण. 'ऐकून' आणि 'सोडून' अव्यये आहेत. ऐकले, सोडला आणि गेलो, असे तिघांनाही 'आणि'ने वेगळे करता येते.

'ऊन' लिहिताना होणाऱ्या दोन चुका

ओळखण्याचे झाले. निबंध लिहिताना 'ऊन' दोन ठिकाणी चुकते.

पहिली चूक लेखनाची: 'ठेऊन' की 'ठेवून'? 'घेऊन' की 'घेवून'? मराठी साहित्य महामंडळाच्या लेखननियमांत याचे उत्तर स्पष्ट आहे. धातूच्या शेवटी 'व' असेल तर 'वून', नसेल तर 'ऊन'. धातू ठरवण्यासाठी एकाला आज्ञा करून पाहा. 'तू ठेव', शेवटी 'व' आहे, म्हणून 'ठेवून'. तसेच जेवून, लावून, धावून, शिवून. 'तू घे', 'व' नाही, म्हणून 'घेऊन'. तसेच जाऊन, येऊन, देऊन, खाऊन, पिऊन. 'ऊ' प्रत्ययालाही हाच नियम: 'ठेवू', पण 'घेऊ'. एक शब्द या तपासणीत दगा देतो, तो 'धुणे'. बोलण्यात अनेक घरांत 'तू धुव' असे म्हणतात आणि मग 'धुवून' लिहिले जाते. धातू 'धू' आहे, म्हणून 'धुऊन'.

दुसरी चूक अर्थाची. 'मी घरी जाऊन पाऊस पडला' असे कुणी म्हणणार नाही, पण 'शाळा सुटून आम्ही मैदानावर जमलो' अशी वाक्ये निबंधांत सर्रास येतात. 'ऊन'ची क्रिया आणि मुख्य क्रियापद यांचा कर्ता सहसा एकच असावा लागतो. 'आम्ही जेवून मैदानावर जमलो' हे ठीक, कारण जेवलो आम्ही आणि जमलोही आम्हीच. शाळा सुटते आणि जमतो आम्ही, इथे कर्ते दोन आहेत. तिथे 'शाळा सुटल्यावर' लिहा. कर्ते वेगळे असूनही 'ऊन' चालते अशा जागा आहेत. पहिली गोष्ट दुसरीचे सरळ कारण असेल तर 'पाऊस पडून रस्ते निसरडे झाले' हे चालते. मध्ये गेलेला काळ सांगायचा असेल तर 'त्यांना गाव सोडून दहा वर्षे झाली' हेही चालते. या दोन जागा सोडल्या तर कर्ता एक आहे का ते पाहूनच 'ऊन' वापरा.

'ताना'ला ही अट नाही. 'मी घरी जाताना पाऊस पडला' हे बरोबर वाक्य आहे. पण 'ताना'मध्ये दोन गोष्टी एकाच वेळी घडतात आणि 'ऊन'मध्ये एकीनंतर दुसरी. 'रस्ता ओलांडून मोबाइल पाहिला' आणि 'रस्ता ओलांडताना मोबाइल पाहिला' यांतला फरक लक्षात घ्या. पहिल्यात माणूस पलीकडे सुखरूप पोहोचला आहे.

तद्धिताशी गल्लत

'लढाई' आणि 'महागाई'. शेवट सारखा, म्हणून दोन्ही एकाच रकान्यात टाकले जातात. धातूपासून झाले ते कृदन्त, नाम किंवा विशेषणापासून झाले ते तद्धित. इथेही आज्ञा कामाला येते. 'तू लढ' म्हणता येते, म्हणून 'लढाई' कृदन्त. 'तू महाग' ही आज्ञा होत नाही, म्हणून 'महागाई' तद्धित. खोदाई, चराई, टिकाऊ, हसरा, बोलका, कोरीव, वागणूक हे सगळे शब्द आज्ञेच्या कसोटीला उतरतात. 'झोपाळू'सारखा शब्द दोन्हीकडे जाऊ शकतो, कारण 'झोप' हे नामही आहे आणि धातूही. असा शब्द परीक्षेत विचारला जाऊच नये असे माझे स्पष्ट मत आहे.

वाक्यरूपांतरात कृदन्त

आतापर्यंत कृदन्ताला पकडले, आता ते वापरू. 'केवल वाक्य करा' हा प्रश्न म्हणजे जवळजवळ नेहमी 'एक सोडून बाकीच्या क्रियापदांची कृदन्ते करा' हाच प्रश्न असतो, कारण केवल वाक्यात एकच क्रियापद चालते.

'जो मुलगा रोज सराव करतो तो स्पर्धेत टिकतो' हे मिश्र वाक्य. क्रियापदे दोन, 'करतो' आणि 'टिकतो'. मुख्य वाक्यातले 'टिकतो' ठेवा. 'करतो'चे काय करायचे ते त्याचे काम पाहून ठरवा. तो भाग 'कोणता मुलगा?' हे सांगतो, म्हणजे विशेषण हवे: 'रोज सराव करणारा मुलगा स्पर्धेत टिकतो.'

'पाऊस थांबला आणि सामना सुरू झाला' हे संयुक्त वाक्य. पहिला भाग 'केव्हा?' हे सांगतो, कर्ते वेगळे आहेत, म्हणून 'थांबून' चालणार नाही: 'पाऊस थांबल्यावर सामना सुरू झाला.'

'आजी म्हणाली, की मिरच्या आत आणा.' इथे 'की'नंतरचा भाग 'काय म्हणाली?' याचे उत्तर आहे, म्हणजे नामाच्या जागी आहे. त्याचे नाम करा: 'आजीने मिरच्या आत आणण्यास सांगितले.' 'म्हणाली'चे 'सांगितले' का झाले, असे मुले विचारतात. 'आणण्यास म्हणाली' हे मराठीला मानवत नाही, 'आणायला सांगितले' मानवते. रूपांतर झाल्यावर वाक्य एकदा मोठ्याने वाचा, आणि कानाला खटकले तर क्रियापद बदलण्याची मुभा घ्या. फक्त अर्थ हलला नाही ना, आणि क्रियापद एकच उरले ना, एवढे तपासा.